बिल क्रमांक ४७ आणि डेटा सायन्सचा प्रवेश अर्ज

डेटा सायन्सच्या मास्टर्सला अर्ज करताना एक-दोन पानांचं निवेदन जोडावं लागतं. मुलं त्याला सरसकट एसओपी म्हणतात. बी.कॉम. किंवा बी.ए. झालेल्या मुलांच्या एसओपीत एक वाक्य हमखास सापडतं : ‘माझी पदवी वेगळ्या शाखेची असली तरी मी स्वतःहून पायथन, एसक्यूएल आणि मशीन लर्निंग शिकलो आहे.’ वाक्य बहुतेक वेळा खरं असतं. अडचण अशी, की हेच वाक्य काहीही न शिकलेला मुलगाही लिहू शकतो आणि लिहितोही. वाचणाऱ्या प्राध्यापकाला दोघांतला फरक कळण्याची सोय त्यात नसते.

या प्राध्यापकाच्या मनात काय चाललेलं असतं ते आधी पाहू. त्याला तीन शंका असतात. पहिल्या सत्रात लिनिअर अल्जिब्रा आणि प्रॉबॅबिलिटी येईल, ती या मुलीला झेपेल का? प्रोग्रॅम ती स्वतः लिहिते, की कुठून तरी उचलून चालवते? आणि तिसरी शंका, जी मला सगळ्यांत मोलाची वाटते : आपलं उत्तर चुकलं आहे हे तिला कळतं का? इंजिनिअरच्या बाबतीत पहिल्या दोन शंकांचं निदान कागदोपत्री उत्तर गुणपत्रिकेतच असतं. वाणिज्य शाखेच्या गुणपत्रिकेवर ऑडिटिंग आणि व्यापारी कायदा असतो. त्यामुळे हे ओझं निवेदनावर आणि त्याला जोडलेल्या पुराव्यांवर येतं.

हा पुरावा दिसतो कसा, ते एका उदाहरणातून बघू. उदाहरणातली मुलगी आणि तिचे आकडे मी रचलेले आहेत. काम मात्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी, कुठल्याही सीएच्या ऑफिसात दर महिन्याला चालतं तेच आहे. मुलगी बी.कॉम. आहे, दोन वर्षं अशा ऑफिसात नोकरी करते आणि रात्री पायथन शिकते. तिने गिटहबवर तीन प्रोजेक्ट टाकलेत. एक टायटॅनिकमधले कोण प्रवासी वाचले याचा अंदाज, दुसरं आयरिस फुलांचं वर्गीकरण आणि तिसरं घरांच्या किमती. एसओपीत या तिन्हींचा उल्लेख आहे. ऑफिसातल्या कामाबद्दल मात्र एकच ओळ : ‘सध्या मी अकाउंट्स विभागात काम करते.’

माझ्या मते हे सगळं नेमकं उलटं व्हायला हवं. टायटॅनिकची आकडेवारी शिकायला चांगली आहे, पण तिची उत्तरं टप्प्याटप्प्याने समजावलेली जागोजागी मिळतात. फुलांची तर १९३६ सालापासून वापरात आहे आणि त्यात अवघी १५० फुलं आहेत. या प्रोजेक्टमधून मुलीने धडा गिरवला एवढंच कळतं. तिचा खरा ऐवज ऑफिसात पडला आहे आणि त्याचं नाव आहे टू-बीची जुळवणी.

ज्यांचा जीएसटीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्यापाऱ्याने माल विकत घेताना भरलेला कर त्याला आपल्या देय करातून वजा करता येतो. याला क्रेडिट म्हणतात. पण विकणाऱ्याने ते बिल आपल्या रिटर्नमध्ये दाखवलेलं असलं पाहिजे. विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांवरून सरकारी पोर्टलवर दर महिन्याच्या १४ तारखेला खरेदीदारासाठी एक पत्रक तयार होतं, जीएसटीआर-२बी. ऑफिसच्या बोलीत नुसतं ‘टू-बी’. १ जानेवारी २०२२ पासून जे बिल टू-बीमध्ये नाही त्याचं क्रेडिट घेता येत नाही. मासिक रिटर्न भरणाऱ्यांना २० तारखेपर्यंत थ्री-बी भरायचा असतो. म्हणजे मधल्या सहा दिवसांत टॅलीमधली खरेदीची नोंदवही आणि टू-बी, दोन्ही यादीतली बिलं एकमेकांशी जुळवायची. १५ तारखेनंतर सीएच्या ऑफिसात कुणाला फोन केला तर नीट उत्तर मिळत नाही, ते यामुळे.

जुळवणीत घोळ होतो तो बिल क्रमांकावरून. पुरवठादाराने पोर्टलवर बिल दाखवलं `SS/23-24/0047` असं. आपल्या अकाउंटंटने टॅलीत एंट्री मारली नुसती `47`. माणसाच्या डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, पण एक्सेलमध्ये व्हीलुकअप मारला की ते बिल मिसमॅचमध्ये जाऊन पडतं. अशी शेकडो बिलं हाताने बघत बसावी लागतात. या मुलीने त्यावर पायथनमध्ये एक छोटं फंक्शन लिहिलं. आर्थिक वर्ष काढून टाकायचं, फक्त अंक ठेवायचे, पुढची शून्यं उडवायची.

```python
import re

def saaf(bill):
    bill = re.sub(r"(20)?\d\d-\d\d", "", bill)
    ank = re.sub(r"\D", "", bill)
    return ank.lstrip("0")
```

आता दोन्ही बिलांचं उत्तर `47` येतं. मग पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक आणि हा साफ केलेला बिल क्रमांक, या दोन्हींवर तिने याद्या जोडल्या आणि रकमेत एक रुपयापर्यंतचा फरक चालवून घेतला, कारण पैसे पूर्णांकात आणताना तेवढं इकडेतिकडे होतं.

इथवरची गोष्ट एसओपीत लिहिली तर ती ठीकठाक होते. अशा गोष्टीचा शेवट बहुतेक मुलं ‘यामुळे ऑफिसचा बराच वेळ वाचला’ असा करतात. पण पुरावा खरा सुरू होतो तो इथून पुढे, कारण हे फंक्शन चुकतं.

एका पुरवठादाराची बिलबुकं आहेत. बारावं बुक, पंधरावं बिल, म्हणून तो क्रमांक लिहितो `12-15`. फंक्शनला वाटतं हे आर्थिक वर्ष, आणि ते सगळंच पुसून टाकतं. हाती उरते रिकामी जागा. याच पुरवठादाराचं `12-16` पण रिकामं होतं आणि `12-17` पण. मग प्रत्येक रिकामं बिल प्रत्येक रिकाम्या बिलाला जुळतं. त्यात हा गृहस्थ दर आठवड्याला तेवढीच पॅकिंगची खोकी तेवढ्याच दराने देत असेल, तर रकमेची चाचणीही त्याला अडवत नाही.

हे ध्यानात कसं यावं? एक खूण सोपी आहे. ५०० नोंदींची यादी जोडल्यावर ५१२ ओळी निघाल्या, तर कुठेतरी एकाला दोन जुळल्या आहेत. पायथनच्या पांडाज लायब्ररीत जोडणी करताना `validate="one_to_one"` एवढं लिहिलं, की असा प्रकार घडताच प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि चूक दाखवतो. दुसरी खूण मेहनतीची आहे. यंत्राने लावलेल्या जोड्या हाताने तपासायच्या. आमच्या उदाहरणातल्या मुलीने आधीच्या महिन्यांच्या नोंदी बघून नियम बसवले आणि नंतरच्या, नियम बसवताना न पाहिलेल्या महिन्याच्या ३०० नोंदी घेऊन एकेक बिल काढून पाहिलं. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. ज्या नोंदी बघून नियम केले त्यांच्यावरच तपासणी केली तर निकाल चांगला येणारच, आणि जाणता वाचक सगळ्यांत आधी हेच शोधतो.

तिचे आकडे असे धरू. ३०० पैकी २५२ बिलं खरोखर टू-बीमध्ये होती. यंत्राने २४० जोड्या लावल्या. त्यांतल्या २३४ बरोबर, ६ चुकीच्या. म्हणजे १८ खऱ्या जोड्या यंत्राच्या हातून सुटल्या. या विद्येच्या भाषेत प्रिसिजन ९७.५ टक्के, कारण लावलेल्या २४० मध्ये २३४ खऱ्या; आणि रिकॉल सुमारे ९३ टक्के, कारण खऱ्या २५२ पैकी २३४ सापडल्या.

यातली कुठली चूक जास्त वाईट? इंजिनिअरला हा प्रश्न विचारा, तो दोन्हींचा समतोल साधणारं सूत्र सांगेल. कॉमर्सवाली मुलगी वेगळं उत्तर देईल. जोडी सुटली तर ते बिल हाताने बघावं लागतं, म्हणजे तिची पंधरा मिनिटं जातात. चुकीची जोडी लागली तर अशील हक्क नसलेलं क्रेडिट घेतो आणि ते वापरलं गेलं असेल तर त्यावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज भरावं लागतं, शिवाय नोटीस येते ती वेगळी. म्हणून तिने नियम कडक केले आणि थोड्या जास्त जोड्या सुटू दिल्या. हा निर्णय तिला तिच्या पदवीमुळे आणि नोकरीमुळे घेता आला. वाणिज्य शाखा ही एसओपीत लपवायची किंवा तिच्याबद्दल माफी मागायची गोष्ट नाही, असं सगळेच सांगतात. ते खरं ठरतं ते अशा एखाद्या जागी, आणि ती जागा दाखवता आली तरच.

आता एसओपीतला परिच्छेद लिहायला घेऊ. तो इंग्रजीत लिहायचा असतो, पण मजकूर साधारण असा होईल :

‘आमच्या ऑफिसात खरेदी नोंदवही आणि जीएसटीआर-२बी जुळवण्याचं काम माझ्याकडे होतं. बिल क्रमांक दोन्हीकडे वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेले असल्याने व्हीलुकअप पुरत नसे. मी पायथनमध्ये जुळवणी लिहिली आणि नियम बसवताना न वापरलेल्या एका महिन्याच्या ३०० नोंदी हाताने तपासल्या. २४० जोड्यांपैकी ६ चुकीच्या निघाल्या. त्यांतल्या चार एकाच पुरवठादाराच्या होत्या, कारण त्याच्या बिलबुकाचा क्रमांक माझा नियम आर्थिक वर्ष समजत होता. चुकीच्या जोडीची किंमत अशिलाला व्याजात मोजावी लागते, म्हणून संशयास्पद जोड्या आता आपोआप न लावता माणसासाठी बाजूला ठेवल्या जातात.’

या परिच्छेदात ‘मेहनती’, ‘जिज्ञासू’, ‘आवड’ यांतला एकही शब्द नाही. तरी वाचणाऱ्याला तिन्ही शंकांपैकी दोहोंची उत्तरं मिळतात. चार चुका एकाच पुरवठादाराच्या हे वाक्य तर कुणी घरबसल्या रचेल असं वाटत नाही. ते काम केलेल्यालाच सुचतं.

पण निवेदन हे शेवटी निवेदनच. त्याला आधार बाहेरून हवा आणि तो दोन ठिकाणांहून मिळतो. एक, गिटहबवरचा कोड. दोन, ऑफिसच्या सीएचं शिफारसपत्र.

कोड टाकताना पहिली खबरदारी अशी, की अशिलाची खरी आकडेवारी कधीही टाकायची नाही. ही नुसती सभ्यता नाही. जीएसटी क्रमांकाच्या १५ अक्षरांत पहिली दोन राज्याची असतात, महाराष्ट्राची २७, आणि त्यापुढची दहा म्हणजे चक्क पॅन. एकट्या मालकाचा धंदा असेल तर तो त्या माणसाचा स्वतःचा पॅन. अशी यादी इंटरनेटवर ठेवणारी मुलगी डेटा सायन्सला कशी चालेल? त्याऐवजी खोट्या बिलांची यादी तयार करणारा छोटा प्रोग्रॅम लिहावा आणि खऱ्या यादीतले सगळे घोळ त्यात मुद्दाम पेरावेत : गळलेली शून्यं, बिलबुकाचे क्रमांक, दोन वर्षांत तोच क्रमांक, रुपयाचा फरक. मग कुणालाही ते चालवून बघता येतं. सोबत रीडमीमध्ये सुरुवातीलाच प्रश्न काय, निकाल काय आणि कुठे चुकतं हे पाच-सहा ओळींत असावं. समोरचा लिंक उघडेलच असं नाही. उघडली तर त्याने कोडच्या पहिल्या फाइलपर्यंत जाण्याआधीच त्याला मुद्दा कळला पाहिजे. आणखी एक गोष्ट गिटहबवर लपत नाही, ती म्हणजे तारखा. तीन प्रोजेक्ट, सगळे एकाच संध्याकाळी चढवलेले आणि नंतर कधीच हात न लावलेले, हे चित्र फारसं बोलकं आहे. त्याउलट सप्टेंबरमध्ये लिहिलेला नियम आणि नोव्हेंबरमध्ये बिलबुकाची चूक सापडल्यावर केलेली दुरुस्ती दिसली, तर एसओपीतल्या गोष्टीला आपोआप दुजोरा मिळतो.

शिफारसपत्राचंही तसंच. सीए साहेब सवयीने ‘प्रामाणिक, कष्टाळू व वक्तशीर’ असं लिहून देतात. त्यांना मजकूर सांगायला आपल्याकडे मुलं संकोचतात. पण एक विनंती बिनधास्त करावी : सर, जुळवणीचा प्रोग्रॅम ऑफिसात कधीपासून वापरतो, किती अशिलांसाठी वापरतो आणि तुम्ही स्वतः तो कसा तपासला, एवढं लिहा. साहेबांना पायथन येत नसलं तरी जुळवणी बरोबर आहे की नाही हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार?

राहिली पहिली शंका, गणिताची. इथे बहुतेक अर्ज घसरतात, कारण गणिताच्या शंकेला प्रोजेक्ट हे उत्तर होत नाही. वरच्या सगळ्या कामात डेरिव्हेटिव्ह लागलेलं नाही की मॅट्रिक्स. गणित सिद्ध होतं ते परीक्षेनेच, आणि तीही पर्यवेक्षकासमोर दिलेल्या. व्हिडिओ संपवल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्राचं वजन त्यामानाने फारच कमी. आपल्याकडे एनपीटेलचे अभ्यासक्रम मोफत बघता येतात आणि फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा देता येते. अंतिम गुणांत ७५ टक्के वाटा त्या परीक्षेचा असतो, २५ टक्के असाइनमेंटचा. आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन बी.एस. डेटा सायन्सच्या पायाभूत टप्प्यात गणित आणि संख्याशास्त्र आहे आणि त्याच्याही परीक्षा केंद्रावर होतात. सर्वांत ठणठणीत पुरावा गेटचा. २०२४ पासून गेटमध्ये ‘डेटा सायन्स अँड आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हा स्वतंत्र पेपर आहे, लिनिअर अल्जिब्रा, कॅल्क्युलस, प्रॉबॅबिलिटी, प्रोग्रॅमिंग सगळं त्यात येतं, आणि गेटला वाणिज्य व कला शाखेचे पदवीधरही बसू शकतात. गेट दिली म्हणून प्रत्येक संस्थेत प्रवेशाची पात्रता मिळते असं नाही, पण गुणांचं मोल सगळ्यांना कळतं.

आणि जे गणित पदवीत झालं आहे ते तरी सांगावं. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम.ला पहिल्या वर्षी मॅथेमॅटिकल अँड स्टॅटिस्टिकल टेक्निक्स हा विषय असे. त्यात डेरिव्हेटिव्ह, प्रॉबॅबिलिटी, कोरिलेशन, रिग्रेशन, टाइम सिरीज, निर्देशांक असं बरंच होतं. परदेशातल्या वाचणाऱ्याला गुणपत्रिकेवरच्या नावावरून हे कळत नाही. दोन वाक्यांत विषय आणि गुण लिहिले तर तो कोरा वाटणारा कागद थोडा भरतो.

इथून एसओपीचा दुसरा भाग, म्हणजे ‘मला हा अभ्यासक्रम का हवा’, आपोआप लिहिला जातो. या मुलीने जे ऑफिसात केलं त्याला शास्त्रात रेकॉर्ड लिंकेज म्हणतात. इव्हान फेलेगी आणि ॲलन संटर या दोघांनी १९६९ मध्ये त्याचा गणिती सिद्धांत मांडला. त्यात प्रत्येक जोडीबाबत तीन निर्णय असतात : जुळली, जुळली नाही, आणि माणसाने बघावी. तिने अनुभवाने जे तीन ढीग केले तेच. फरक एवढाच, की तिने कडकपणाची रेषा अंदाजाने ओढली आणि त्या सिद्धांतात ती चुकांच्या संभाव्यतेवरून ठरते. ती संभाव्यता आकडेवारीतून कशी काढायची हे तिला येत नाही आणि त्यासाठी लागणारं संख्याशास्त्र पदवीत नव्हतं. हे तिने असंच्या असं लिहावं. ‘डेटा हे नवं तेल आहे’ छापाच्या सुरुवातीपेक्षा हे कारण कितीतरी पटण्यासारखं आहे, आणि ज्या अभ्यासक्रमात हा विषय शिकवतात त्याचं नाव घ्यायलाही मग जागा मिळते.

कला शाखेच्या मुलांकडे जीएसटी नसतो, पण घोळ असतोच. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेल्या मुलाने जुन्या मासिकांचा टंकलेला मजकूर गोळा केला तर त्याला ‘दऱ्या’ हा शब्द संगणकात दोन प्रकारांनी साठवलेला सापडेल. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, आत मात्र अक्षरांचे क्रम वेगळे. एकाचा शोध घेतला तर दुसरा हाती लागत नाही आणि शब्दांची मोजदाद चुकते. हे ओळखायला मराठी वाचता यावी लागते आणि दुरुस्त करायला पायथन. असा मुलगा दोन्ही करून किती शब्द सुटत होते ते मोजून दाखवत असेल, तर त्याने टायटॅनिकच्या वाटेला जाऊ नये.

एवढं करूनही काही दारं बंदच राहतात, हे वेळीच कळलेलं बरं. जर्मनीतल्या बऱ्याच विद्यापीठांत पदवीत गणित आणि संगणकाचे ठरावीक क्रेडिट झालेले असावेच लागतात. ते नसतील तर अर्ज छाननीतच बाद होतो, एसओपी कुणी वाचतही नाही. आपल्याकडच्या अनेक संस्थाही पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र मागतात. ब्रिटनमध्ये उलट, दुसऱ्या शाखेतून येणाऱ्यांसाठी कन्व्हर्जन अभ्यासक्रम आहेत. २०२० पासून तिथल्या सरकारने डेटा सायन्स आणि एआयच्या अशा अभ्यासक्रमांना मुद्दाम पैसा पुरवला. अमेरिकेत कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाने आपल्या ऑनलाइन मास्टर्ससाठी एसओपीच काढून टाकली आहे. आधी ठरवून दिलेले विषय घ्या, त्यात बी किंवा वरची श्रेणी मिळवा, प्रवेश पक्का. पदवी कोणत्या शाखेची हे विचारत नाहीत.

म्हणून एसओपीची पहिली ओळ लिहिण्याआधी आवडत्या चार-पाच अभ्यासक्रमांची पात्रतेची अट शब्दशः वाचा आणि गणिताचा रकाना रिकामा असेल तर आधी तो भरा. एनपीटेलचे अभ्यासक्रम जानेवारीत आणि जुलैमध्ये सुरू होतात.